कोटेशनमधली ‘असल्यास’

जुन्या व्हीएमसीचा कंट्रोलर बदलण्याचे कोटेशन बहुधा एका पानाचे असते. त्यातली सर्वांत महागात पडणारी ओळ अशी: ‘सर्व्हो मोटर व ड्राइव्ह चालू स्थितीत असल्यास तेच वापरले जातील.’ ऑर्डर देण्यापूर्वी वर्कशॉपमालकाने पाठवायच्या ईमेलचा पहिला प्रश्न या ‘असल्यास’वरच हवा.

कारण साधे आहे. अनेक जुने कंट्रोलर ड्राइव्हला उणे 10 ते अधिक 10 व्होल्टच्या दाबातून वेग सांगतात. आजचे बरेच कंट्रोलर तोच आदेश केबलमधून डिजिटल रूपात पाठवतात. नव्या कंट्रोलरला ॲनालॉग आउटपुट नसेल, तर जुना ड्राइव्ह कितीही ठणठणीत असो, तो निकामीच. ड्राइव्ह बदलला की मोटरवरच्या एन्कोडरची भाषा त्याला कळते का, हा पुढचा प्रश्न. कळत नसेल तर मोटरही बदलावी लागते, आणि शाफ्टचा व्यास वेगळा निघाला तर कपलिंगही. फोनवर ‘सगळं धरलंय साहेब’ असे उत्तर मिळते. पण फोन बिलाला जोडता येत नाही. म्हणून ईमेलमध्ये कोटेशनचा क्रमांक, तारीख आणि ओळ सांगून असे लिहावे:

‘ओळ 3 बाबत: एक्स, वाय, झेड या तिन्ही अक्षांचे जुने ड्राइव्ह नव्या कंट्रोलरला चालतील का? तपासणी कोण, कधी करणार? बदलावे लागल्यास प्रत्येक अक्षाचा ड्राइव्ह, मोटर, केबल आणि कपलिंग यांचा दर आताच कळवावा. मोटर व ड्राइव्हच्या नेमप्लेटचे फोटो जोडले आहेत.’

दुसरी अडचण टूल चेंजरची. `M06` दिल्यावर मॅगझिन फिरणे, टूल सुटणे, पकडणे हा क्रम मशीन बनवणाऱ्याने लिहिलेल्या लॅडरमध्ये असतो. नव्या कंट्रोलरसाठी तो बहुतेक वेळा नव्याने लिहावा लागतो. त्याची किंमत धरली आहे का आणि लॅडरचा बॅकअप मालकाला मिळेल का, हे विचारावे. बॅकअप नसेल तर पुढच्या प्रत्येक बिघाडाला तोच व्हेंडर गाठावा लागतो.

‘कमिशनिंगनंतर 10 टक्के’ या अटीत कमिशनिंग कशाला म्हणायचे, हेही ठरवून घ्यावे. मशीन नुसते हलले म्हणजे झाले, असे नव्हे. उदाहरणार्थ: सलग 50 टूल बदल न अडकता व्हावेत, `G84` ने एम8 चे, 1.25 पिचचे रिजिड टॅपिंग 400 आरपीएमला व्हावे, म्हणजे फीड मिनिटाला 500 मिमी. या टॅपिंगला स्पिंडलची स्थिती कळवणारा एन्कोडर लागतो, आणि काही कंट्रोलरमध्ये ती सोय वेगळे पैसे मोजून घ्यावी लागते. मात्र झिजलेल्या बॉलस्क्रूमुळे येणारी चूक व्हेंडरच्या माथी मारता येत नाही; कंट्रोलर बॅकलॅश थोडाफार झाकतो, झीज भरून काढत नाही.

उत्तर ईमेलमध्ये आले तरी सुधारित कोटेशन मागून घ्यावे आणि पीओवर त्याचाच क्रमांक व तारीख टाकावी.