भिंतीवरचे वाक्य आराखड्यात उतरावे

‘सर्वांगीण विकास’ हे वाक्य कोणत्याही शाळेच्या भिंतीवर चालते, म्हणूनच ते कामाचे नाही. उदाहरणार्थ, पाथर्डी तालुक्यातून दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. तिथल्या मुख्याध्यापकांनी प्रत्येक शिक्षकाकडून आधी लेखी उत्तर घ्यावे: आपल्या मुलांचे शिक्षण नेमके कुठे तुटते? बैठकीत उत्तरे वाचली की दृष्टिविधान घडते: ‘पालक ऊसतोडीला गेले तरी एकाही मुलाची शाळा सुटणार नाही.’ ध्येयविधान मार्ग सांगते: हंगामी वसतिगृह आणि परतलेल्यांसाठी उजळणी वर्ग. त्यातून वर्षाचे उद्दिष्ट निघते: परतलेल्या प्रत्येक मुलाची आठवडाभरात वाचन-गणित चाचणी, जबाबदारी वर्गशिक्षकाची. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समिती शाळा विकास आराखडा करते. हे उद्दिष्ट त्यातच नोंदवावे. ज्या वाक्यातून एकही उद्दिष्ट निघत नाही, ते सरळ खोडावे.