उरलेला रुपया आणि धर्मश्रद्धा

सुगी आटोपली, सोयाबीन मंडीत जाऊन त्याचे पैसे हाती आले, बी-खताचे देणे फिटले, वर्षाचे धान्य घरात भरले, आणि तरीही काही रुपये शिल्लक उरले, तर त्यांचे काय करावयाचे? आमच्या मानपुरात हा प्रश्न दरवर्षी अनेक घरांत उभा राहतो. कोणी त्या पैशांत देवकार्य व जेवणावळ उरकतो, कोणी दागिना घडवितो, कोणी दान करतो, कोणी विहिरीवर नवे इंजिन बसवितो, तर कोणी मुलाची फी भरतो. उत्पन्न सारखे, बाजार एकच, पाऊसही सर्वांना एकच. मग उरलेला रुपया निरनिराळ्या वाटांनी का जातो? ह्या भेदाला अनेक कारणे आहेत. त्यांपैकी धर्मश्रद्धा हे एक होय. प्रस्तुत लेखात आम्ही तेवढ्याच कारणाचा विचार करणार आहोत.

हा प्रश्न शास्त्रीय रीतीने मांडण्याचे श्रेय जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर (१८६४–१९२०) ह्यांना दिले जाते. जर्मनीतील बाडेन प्रांताचे आकडे पाहताना त्यांना असे आढळले की, भांडवलदार आणि कुशल कारागीर ह्यांच्यात कॅथलिकांपेक्षा प्रोटेस्टंट पंथाचे लोक प्रमाणाने अधिक आहेत. हे असे का, ह्याचे उत्तर त्यांनी १९०४–०५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात दिले. प्रोटेस्टंटांतील कॅल्व्हिनच्या अनुयायांची अशी श्रद्धा होती की, कोणाचा उद्धार व्हावयाचा हे परमेश्वराने आधीच ठरवून ठेवले आहे. पुण्यकर्माने किंवा पुरोहिताच्या मध्यस्थीने त्यात तिळमात्र फरक पडत नाही. साहजिकच ‘मी निवडलेल्यांपैकी आहे की नाही?’ ह्या चिंतेने भाविकाचे मन पोखरले जाई. ह्या चिंतेवर त्यांच्या धर्मोपदेशकांनी एक उपाय सुचविला. आपल्या वाट्यास आलेला व्यवसाय देवाची आज्ञा समजून अखंड करावा. त्यात यश आले तर ती ईश्वरी कृपेची खूण मानावी. मात्र त्या यशाचा उपभोग घेऊ नये, कारण चैन हे पाप आहे.

आता ह्या दोन आज्ञा एकत्र ठेवून पाहा. काम तर भरपूर करावयाचे आणि मिळकत मात्र खर्चावयाची नाही. तेव्हा पैसा साठणार हे उघड आहे. साठलेला पैसा निजून राहणे हाही आळसच, म्हणून तो पुन्हा धंद्यात गेला. ‘श्रीमंत व्हा’ असा उपदेश कोणत्याही धर्मगुरूने केला नव्हता. श्रद्धेच्या पोटी जडलेल्या सवयीतून भांडवल आपोआप उभे राहिले. पुढे श्रद्धा ओसरली, पण सवय राहिली, असे वेबर म्हणतात.

ह्याच वेबरांनी पुढे भारतातील धर्मांवरही ग्रंथ लिहिला. त्यांच्या मते, पूर्वजांचा धंदा पूर्वजांच्याच पद्धतीने निष्ठेने केला म्हणजे पुढील जन्म चांगला मिळतो, अशी समजूत असल्यामुळे येथील कारागिराला नवे हत्यार किंवा नवी रीत स्वीकारण्याची प्रेरणा होत नाही. हा निष्कर्ष संपूर्ण भारताला लावता येईल काय? वेबरांचा हा ग्रंथ निघण्याच्या कितीतरी आधी, १९०० साली, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांनी मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील आपल्या इंग्रजी पुस्तकात महाराष्ट्रातील संतांच्या चळवळीची तुलना युरोपातील प्रोटेस्टंट धर्मसुधारणेशी केली होती. म्हणून वारकरी पंथाकडे जरा बारकाईने पाहणे अगत्याचे आहे.

वारकरी हा संन्यासी नव्हे. तो आषाढी-कार्तिकीला पंढरीस जातो आणि परत येऊन आपल्या शेताला किंवा दुकानाला लागतो. सावता माळ्यांविषयी परंपरा अशी सांगते की, अरण गावचा मळा सोडून त्यांना पंढरीस जाण्याची गरज भासली नाही. मळ्यातच त्यांना विठ्ठल भेटला. गोरोबा मडकी घडवीत राहिले, नामदेवांचे घराणे शिंप्याचे. म्हणजे आपले नित्याचे काम हीच देवाची सेवा, हा वेबरांना युरोपात आढळलेला विचार आपल्याकडेही होता. शिवाय गळ्यात तुळशीची माळ घातली की मद्यमांस सुटते. नियम धर्माचा, पण त्याचा परिणाम घरखर्चावरही होतो.

परंतु उरलेल्या रुपयापाशी आले की दोन वाटा फुटतात. तुकाराम महाराजांचे घराणे देहूतील महाजनांचे; त्यांचा सावकारीचा व्यवहार होता. दुष्काळाने घर उद्ध्वस्त झाल्यावर त्यांनी कर्जखतांची वाटणी केली, धाकट्या भावाचा हिस्सा त्याला देऊन टाकला आणि आपल्या हिश्शाची खते इंद्रायणीत बुडविली, अशी परंपरा आहे. प्रामाणिक व्यवहाराने मिळवावे आणि निर्लोभ मनाने द्यावे, ही त्यांची शिकवण होती. कॅल्व्हिनच्या अनुयायाला यश ही कृपेची खूण वाटे, तर वारकऱ्याला साठलेले धन ही मनाची बेडी वाटे. काम दोघांनाही पवित्र होते, पण साठवणीविषयी दोघांचे मत वेगळे होते. श्रद्धेचा परिणाम मोजताना ‘हा धर्म श्रमाला मान देतो काय?’ एवढेच विचारून भागत नाही. श्रमातून उरलेल्या पैशाला तो कोणती वाट दाखवितो, हेही विचारावे लागते.

ही वाट बदलण्याचे काम विसाव्या शतकात एका निरक्षर कीर्तनकाराने केले. गाडगे महाराजांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. दारूपायी वडील अकाली गेले. पुढे ते आजोळी वाढले. तेथे सावकाराच्या कर्जात मामांची जमीन गेलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली. १९०५ साली घर सोडून हातात खराटा आणि गाडगे घेऊन ते गावोगाव फिरू लागले. दिवसा गाव झाडावयाचे आणि रात्री कीर्तन करावयाचे, हा त्यांचा क्रम १९५६ साली देह ठेवीपर्यंत चालू होता. कीर्तनात ते श्रोत्यांनाच साधे प्रश्न विचारीत आणि उत्तरे वदवून घेत. कर्ज काढून सण करू नका, देवापुढे बकरे मारू नका, दारू पिऊ नका. घरात ताट नसेल तर भाकरी हातावर घेऊन खा, पण मुलाला शाळेत घाला, असा त्यांचा उपदेश असे.

ह्या उपदेशात किती हिशेब भरलेला आहे, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, एका घरी वडील वारले आणि तेराव्याच्या जेवणासाठी मुलाने तीस हजार रुपये कर्ज काढले. व्याज दरमहा शेकडा दोन. म्हणजे महिन्याला सहाशे आणि वर्षाला सात हजार दोनशे रुपये केवळ व्याजाचे झाले. त्याने पाच वर्षे निव्वळ व्याज भरले, तर छत्तीस हजार रुपये जातात आणि मूळचे तीस हजार तसेच डोक्यावर राहतात. व्याज थकले आणि ते दर वर्षाअखेर मुद्दलात मिळविले गेले, तर तीनच वर्षांत देणे सत्तावन्न हजारांच्या वर जाते. मग सावकाराची नजर जमिनीवर पडते. तेच महिन्याचे सहाशे रुपये बाजूला पडते, तर पाच वर्षांत छत्तीस हजारांची पुंजी झाली असती. दोन्ही घरांची मिळकत आणि महिन्याला बाहेर पडणारी रक्कम अगदी सारखी आहे; पहिल्या घरी मात्र ती रक्कम जमिनीवर गंडांतर आणते.

मग लोक असे का करीत होते आणि अजूनही का करतात? त्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे समाजशास्त्राला शोभत नाही. जेवणावळीमागे पितरांची शांती ही श्रद्धा तर असतेच. त्याखेरीज आणखी एक हिशेबही असतो. पंगतीला जेवून गेलेले शंभर लोक अडीअडचणीला धावून येतात, सोयरीक जमविताना शब्द टाकतात. बँक किंवा विमा नसलेल्या गावात पंगत हीच एक प्रकारची ठेव होती. म्हणून ‘खर्च करू नका’ एवढे कोरडे सांगणे पुरत नाही. पुण्याची भूक दुसऱ्या कशाने तरी भागवावी लागते. गाडगे महाराजांनी नेमके हेच केले. मिळालेल्या देणग्यांतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभारल्या आणि स्वतः मात्र मागून आणलेली भाकरी खाल्ली. भुकेल्याला अन्न आणि मुलाला शिक्षण देणे हाच देवधर्म, असे त्यांनी सांगितले. त्यांनी श्रद्धा मोडली नाही. तिच्या पोटातला रुपया मात्र दुसरीकडे वळविला.

एक सावधगिरी मात्र राखली पाहिजे. एखादी जमात सधन दिसली की ‘त्यांचा धर्मच तसा’ असे म्हणण्याचा मोह होतो. खरे कारण जमिनीची प्रत, वडिलोपार्जित पुंजी किंवा बाजारातील ओळखी हेही असू शकते. श्रद्धेचा परिणाम ओळखण्याची कसोटी अशी की, जमीन आणि मिळकत सारखी असलेली, पण श्रद्धेने वेगळी असलेली दोन घरे घ्यावीत आणि चांगल्या पावसाच्या वर्षी त्यांची शिल्लक कोठे गेली ते पाहावे. तेथेही फरक आढळला, तरच श्रद्धेकडे बोट दाखवावे.

वेबरांचा सिद्धांतही अशा कसोटीवर घासला गेला आहे. २००९ साली बेकर आणि वोसमान ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकातील प्रशियाच्या जिल्ह्यांचे आकडे तपासले. प्रोटेस्टंट जिल्हे अधिक सधन होते, हे खरे ठरले. परंतु त्यांची साक्षरताही अधिक होती, आणि सुबत्तेतील फरकाचा मोठा भाग साक्षरतेनेच उलगडला. प्रत्येकाने बायबल स्वतः वाचावे, असा ल्यूथरचा आग्रह होता. म्हणून तेथे शाळा निघाल्या, आणि धर्मग्रंथासाठी शिकलेले अक्षर पुढे हिशेबवहीच्या कामी आले. वेबरांनी काटकसरीला आणि कामाच्या निष्ठेला जे श्रेय दिले, त्यातील बराच वाटा शाळेकडे जातो.

स्वतः अक्षरशत्रू असलेला, हाती खराटा घेतलेला तो कीर्तनकार हातावर भाकरी खाऊन मुलाला शाळेत घालावयास सांगत होता, तेव्हा त्याच्यापुढे प्रशियाचे आकडे नव्हते. त्याच्यापुढे होती ती सावकाराकडे गेलेली मामांची जमीन. यंदाची सुगी आटोपल्यावर आमच्या वाचकांनी आपापल्या घरी वडील मंडळींजवळ बसून हा हिशेब एकदा मांडून पाहावा: गेल्या पाच वर्षांत उरलेला रुपया कोठे गेला, आणि त्याला ती वाट कोणत्या श्रद्धेने दाखविली?