मालकाचा बायोडेटा

धंदा बंद केल्यावर नोकरी शोधणाऱ्या माणसाचा पहिला बायोडेटा बहुतेक वेळा एकाच ओळीवर उभा असतो: "प्रोप्रायटर, दहा वर्षे, संपूर्ण कारभार सांभाळला." ओळ खरी असते. त्या दहा वर्षांत त्याने कोटेशन दिलं, माल घासाघीस करून घेतला, मशीन लावलं, रात्री ऑपरेटर आला नाही तर स्वतः शिफ्ट काढली, बँकेत बसला. पण समोरच्या कंपनीत "संपूर्ण कारभार" नावाची जागा रिकामी नसते. तिथे प्रॉडक्शनची खुर्ची असते, खरेदीची असते, क्वालिटीची असते. एचआरमधली व्यक्ती नोकरीच्या पोर्टलवर उमेदवार शोधते तेव्हा ती याच जागांची नावं टाकते. "प्रोप्रायटर" असं कोणी शोधत नाही. त्यामुळे अर्ज नाकारला जाण्याआधीच तो दिसेनासा होतो.

एक उदाहरण धरून चालू. भोसरीच्या एमआयडीसीत भाड्याचा गाळा, तीन व्हीएमसी, दोन सीएनसी लेथ, नऊ कामगार आणि दोन शिफ्ट. काम सगळं जॉबवर्कचं, महिन्याची बिलं सुमारे ६ लाखांची. मालक चव्वेचाळीस वर्षांचे. धंद्याआधी आठ वर्षं एका कंपनीच्या टूलरूममध्ये होते. एकाच ग्राहकाकडून ६५ टक्के काम येत होतं. त्या ग्राहकाचं मॉडेल बंद झालं आणि सात महिन्यांत गाळ्याला कुलूप लागलं.

या गृहस्थांनी प्रॉडक्शन मॅनेजर म्हणून अर्ज करावा, असं कोणालाही आधी वाटेल. मला मात्र त्यांची खरी किंमत व्हेंडर डेव्हलपमेंटमध्ये दिसते. सुटे भाग बाहेरून करून घेणाऱ्या कंपनीला दर तपासणारा माणूस लागतो. एखाद्या भागाचा व्हीएमसीवरचा सायकल टाइम ६ मिनिटं आहे आणि मशीनचा ताशी दर ४५० रुपये धरला, तर मशीनिंगचे ४५ रुपये होतात. सप्लायरने ६२ रुपये मागितले तर वरचे १७ कशाचे? त्यात टूल किती, तपासणी किती, रिजेक्शनची धास्ती किती आणि नफा किती, हे ज्याने दहा वर्षं स्वतः असंच कोटेशन भरलं, त्याला कागद बघताच कळतं. कुठे ताणलं तर सप्लायर मोडेल, हेही त्यालाच कळतं.

मग बायोडेटा त्या एका खुर्चीसाठी लिहायचा. पदाच्या जागी "मालक-चालक, व्हीएमसी-सीएनसी जॉबवर्क युनिट" असं स्पष्ट लिहावं. मालकी लपवून स्वतःला "मॅनेजर" म्हणवून घेऊ नये. पडताळणीत ते उघडं पडतं आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही. त्याखाली चार-पाच कामं, प्रत्येक पाहता येईल अशी. उदाहरणार्थ: पातळ भिंतीच्या ॲल्युमिनियम हाउसिंगचं बोअर मशीनवर मापात यायचं आणि क्लॅम्प सोडला की लंबगोल व्हायचं. दोष मशीनचा नव्हता, पकडीचा होता. फिक्श्चरमध्ये टेकू बदलले, क्लॅम्पचा दाब कमी केला आणि रिजेक्शन ४ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आलं. पुरावा म्हणून ग्राहकाने दर महिन्याला पाठवलेली रेटिंग शीट जोडता येते. बँक, भाडं, लाइट बिल, ऑफिस हे सगळं एका ओळीत आटपावं. इथे हात आखडतो, मला माहीत आहे. स्वतःच्या घामाच्या गोष्टी कागदावरून खोडणं सोपं नसतं.

मुलाखतीत "का बंद पडला?" हा प्रश्न हमखास येतो. कोविड, मंदी, पार्टनरने फसवलं, अशी उत्तरं ऐकणाऱ्याला काहीच सांगत नाहीत. आकड्यांत सांगावं: "६५ टक्के काम एकाकडून होतं. हा धोका मला दिसत होता, पण दुसरा ग्राहक जोडायला मी उशीर केला. मॉडेल बंद झाल्यावर महिन्याची बिलं ६ लाखांवरून २ लाख १० हजारांवर आली. भाडं ४५ हजार, हप्ता ६२ हजार, पगार १ लाख ६५ हजार, म्हणजे वीज आणि टूल धरण्याआधीच २ लाख ७२ हजार जात होते. सात महिने घरच्या ठेवी मोडून चालवलं. मग मशीनं विकून कर्ज फेडलं, कामगारांचे पैसे चुकते केले आणि थांबलो." दोन मिनिटांचं उत्तर आहे. त्यात स्वतःची चूक आहे, हिशेब आहे आणि देणी कशी मिटवली तेही आहे. शेवटचं वाक्य खरं असेल तरच बोलावं, कारण एमआयडीसीत लोक एकमेकांना ओळखतात.

त्यामागे एक न विचारलेली शंका असते: हा सहा महिन्यांत पुन्हा गाळा घेईल, आणि जाताना आमचे सप्लायर ओळखीचे करून जाईल. याला शब्दांपेक्षा कागदांनी उत्तर द्यावं. पुष्कळ जण इथेच अडकतात. गाळा बंद झाला तरी जीएसटी नोंदणी चालूच राहते, कारण ती रद्द करायला कोणाला वेळ नसतो. जीएसटी क्रमांक पोर्टलवर कोणीही टाकून पाहू शकतो. तिथे "ॲक्टिव्ह" दिसलं की, धंदा बंद आहे असं सांगणारा उमेदवार खोटा ठरतो. म्हणून अर्ज करण्याआधी रद्दीकरणाचा अर्ज करून आदेश हातात घ्यावा आणि त्यानंतर तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्र, म्हणजे जीएसटीआर-१०, भरावं. घरातल्या दुसऱ्या कोणाच्या नावावर काही चालू असेल तर तेही आधीच सांगावं.

पगाराची स्लिप, फॉर्म १६, रिलीव्हिंग लेटर हे मालकाकडे नसतं. पडताळणी करणाऱ्याच्या यादीत मात्र तेच लिहिलेलं असतं. त्याऐवजी प्राप्तिकराची विवरणपत्रं द्यावीत आणि त्यासोबत फॉर्म २६एएस. जॉबवर्कच्या बिलावर कर कापणाऱ्या प्रत्येक ग्राहकाचं नाव आणि रक्कम त्यात वर्षावार दिसते. धंदा खरंच होता, कोणासाठी होता आणि किती होता, याचा हा पुरावा स्वतः तयार करता येत नाही, म्हणूनच तो पटतो. आधीच्या नोकरीतला पीएफचा यूएएन असेल तर तोच द्यावा, नवा काढू नये.

"शेवटचा पगार" या रकान्यात उलाढाल लिहू नये. घरखर्चाला उचललेले पैसेही पगार नव्हेत. विवरणपत्रातला धंद्याचा निव्वळ नफा लिहावा, पुढे "व्यवसायाचं उत्पन्न" असं नमूद करावं आणि अपेक्षा त्या जागेच्या बाजारभावाने सांगावी. ती आपल्या चांगल्या वर्षांच्या कमाईपेक्षा कमी असू शकते.

राहिला संदर्भ. जुना बॉस नाही, तर जुन्या ग्राहकाचा खरेदी अधिकारी असतो. ज्याने चांगल्या दिवसांतली डिलिव्हरी पाहिली तो नव्हे. शेवटच्या सात महिन्यांत आपण ज्याला फोन करून "हा लॉट वेळेत देतो, पुढचा दुसरीकडे लावा" असं सांगितलं, त्याचं नाव द्यावं.