वाढदिवसाच्या पत्रिकेवरची ठसठशीत रेघ

मुलाच्या फोटोवर कार्टूनचे स्टिकर आणि हाताने काढलेली चित्रे लावून वाढदिवसाची पत्रिका करताना कडा पुसट होतात, त्या बहुतेक वेळा चित्र ताणल्यामुळे. फोटोत रंग हळूहळू बदलतात, त्यामुळे थोडा मऊपणा खपून जातो. कार्टूनची काळी रेषा मात्र उजळ रंगाला थेट भिडते, आणि तिथे एक-दोन पिक्सेलची धूसर पट्टीही डोळ्यांना खुपते.

म्हणून पत्रिकेचा आकार आधी ठरवावा. 5 बाय 7 इंचांची पत्रिका छापायची असेल, तर इंचाला 300 पिक्सेल या हिशेबाने 1500 बाय 2100 पिक्सेलचा कॅनव्हास घ्यावा, त्यात फोटो बसवावा आणि मगच स्टिकर लावावेत. व्हॉट्सअ‍ॅपचा स्टिकर 512 पिक्सेलचा असतो. या पत्रिकेवर तो जेमतेम 1.7 इंच भरतो. त्याचा अडीच इंची हत्ती करायचा तर 750 पिक्सेल लागतात. कमी पडलेले पिक्सेल संगणक अंदाजाने भरतो आणि सोंडेची कड पसरते. मोठाच हत्ती हवा असेल, तर एसव्हीजी फाइल घ्यावी. तिच्यात ठिपक्यांऐवजी रेषांचे गणित साठवलेले असते, त्यामुळे चित्र हव्या त्या मापात नव्याने रेखले जाते.

हाताने काढलेल्या चित्राची खरी गंमत त्याच्या किंचित वाकड्या रेघेत असते, आणि ती जपण्यासाठी कागद पूर्ण नाहीसा व्हावा लागतो. समजा, मुलाच्या डोक्यावर मुकुट काढायचा आहे. पांढऱ्या कागदावर काळ्या स्केचपेनने तो मोठा काढावा आणि स्कॅन करावा. स्कॅनर नसेल, तर दिवसाच्या उजेडात, सावली न पडू देता फोटो घ्यावा. हा कागद करडा दिसतो. जिंप या मोफत प्रोग्राममध्ये Colors > Levels उघडून पांढरी खूण डावीकडे आणि काळी उजवीकडे सरकवली, की कागद पांढराशुभ्र आणि शाई गडद होते. खुणा फार जवळ आणल्या, तर रेघेच्या कडेचे करडे पिक्सेल मरतात आणि पायऱ्या दिसू लागतात; तिथून थोडे मागे यावे. मग हा थर फोटोवर ठेवून त्याचा मोड Multiply केला, की पांढरा भाग विरून फक्त रेघ उरते. मुलाच्या काळ्या केसांवर मात्र काळी रेघ दिसणारच नाही. तिथे Color to Alpha वापरून पांढरा रंग काढावा आणि उरलेल्या रेघेत पिवळा भरावा.

शेवटी फाइल पीएनजीमध्ये साठवावी. जेपीजी चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन करून बारकावे गाळते, त्यामुळे रेघेभोवती मळकट ठिपके उमटतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली पीएनजीही दाबली जाते. ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.