पुनर्मागणीचे गणित आणि पुरवठादाराची पेटी

औषध भांडारात पुनर्मागणीचा हिशेब सरळ असतो. भांडारपाल महिन्याकाठी साठा तपासतो. पुढील तपासणीपर्यंतचा आणि माल हाती येईपर्यंतचा खप तो धरतो, त्यात राखीव साठा मिळवतो आणि हाती असलेला साठा व आधीच मागविलेला माल त्यातून वजा करतो. उरेल ती मागणी. मात्र हा आकडा मागणीपत्रावर जसाच्या तसा क्वचितच उतरतो. पुरवठादार माल ठराविक नगांच्या पेटीतच देतो, शिवाय अमुक नगांहून कमी मागणी स्वीकारत नाही. पहिल्या अटीने हिशेब थोडा हलतो. दुसऱ्या अटीने तो कधी कधी पार मोडतो. हे कसे घडते, हे सर्पदंशावरील प्रतिविषाच्या उदाहरणाने पाहू.

मुंबईच्या उपनगरांत हा विषय परका नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिमेस बोरिवली आणि पूर्वेस मुलुंड आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार प्रमुख विषारी सापांवर चालणारे बहुगुणी प्रतिविष परळच्या हाफकिन संस्थेत तयार होत असे. विषबाधेची लक्षणे दिसणाऱ्या रुग्णास प्रथम ८ ते १० कुप्या देण्याचा प्रघात आहे. लहान मुलासही मात्रा तेवढीच, कारण साप विष टोचताना वय पाहत नाही. म्हणून या औषधाचा खप एकेका कुपीने होत नाही. तो दहा-दहाच्या झेपांनी होतो.

आता बोरिवलीतील एक लहान रुग्णालय कल्पू. आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. वर्षाचा खप ६० कुप्या, म्हणजे महिन्याची सरासरी ५. तपासणी दरमहा होते आणि माल येण्यास दोन महिने लागतात, म्हणून तीन महिन्यांच्या १५ कुप्या धरावयाच्या. राखीव साठा २०, म्हणजे दोन रुग्णांची पहिली मात्रा. अपेक्षित पातळी ३५ झाली. हाती २२ आहेत आणि मागविलेले काही शिल्लक नाही. मागणी १३ कुप्यांची निघते.

पेटी १० कुप्यांची असल्यास १३ च्या २० होतात. जादा सात कुप्या म्हणजे दीड महिन्याहून थोडा कमी खप. जीवरक्षक औषधाच्या बाबतीत ही वाढ निमूटपणे स्वीकारावी. पॅरासिटामॉलसारख्या रोज हजारोंनी खपणाऱ्या गोळ्यांच्या बाबतीत खोक्याची पट खालच्या अंगाला धरली तरी चालते, कारण तूट राखीव साठ्यातून सहज निघते. पेटीने झालेली वाढ नगांत मोजू नये, ती किती दिवसांच्या खपाइतकी आहे हे पाहावे. हजार गोळ्या एखाद्या दिवसात संपतात. सात कुप्यांना दीड महिना लागतो.

आता पुरवठादाराची किमान मागणी १०० कुप्यांची आहे असे समजा. १३ चे १०० झाले. हाती असलेल्या २२ मिळवून १२२, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळाचा साठा. नव्या मालाची मुदत संपण्यास १८ महिने उरले असतील, तर सरासरीने त्या काळात ९० कुप्या लागतील. जुन्या २२ आधी वापरल्या, म्हणजे नव्यांतील ६८ कामी येतील आणि ३२ मुदतबाह्य होतील.

सरासरी येथे आणखी एक गोष्ट झाकते. सर्पदंश पावसाळ्यात वाढतात. ६० पैकी ४० कुप्या जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आणि उरलेल्या २० आठ महिन्यांत लागतात असे धरू. हेच १०० नग जूनच्या आरंभी आले, तर १८ महिन्यांत दोन पावसाळे पडतात. खप १०५ होतो आणि वाया १७ जातात. ते ऑक्टोबरच्या आरंभी आले, तर एकच पावसाळा वाट्यास येतो. खप ७५ वर थांबतो आणि ४७ कुप्या फेकाव्या लागतात. पेटी तीच, पुरवठादार तोच आणि वर्षाचा खपही तोच, तरी नुकसान जवळजवळ तिपटीने वाढले.

यानंतरची चूक नोंदवहीत होते, आणि ती सहसा लक्षात येत नाही. मुदत संपलेल्या ४७ कुप्या साठ्यातून कमी करताना त्या ‘वाटप’ या रकान्यात लिहिल्या, तर वर्षाचा खप ६० ऐवजी १०७ दिसू लागतो. महिन्याची सरासरी पाचाची नऊ होते आणि अपेक्षित पातळी ३५ वरून ४७ वर जाते. वाया गेलेला माल पुढल्या वर्षी गरज बनून परत येतो. मुदतबाह्य, फुटलेल्या आणि दुसरीकडे पाठविलेल्या कुप्यांसाठी वेगळे रकाने असावेत. खप म्हणजे रुग्णास दिलेल्या कुप्या, एवढाच अर्थ धरावा. मोठी मागणी नोंदविल्यावर पुढील अनेक तपासण्यांत मागणी शून्य निघते आणि मग पुन्हा एकदम १०० ची उडी येते. वरच्या भांडाराला ही उडी खपातील वाढ वाटते. म्हणून त्यानेही मागणीपत्रे न पाहता रुग्णालयांतील वापर पाहावा.

पुरवठादार अट घालतो ती हट्टाने नव्हे. अमेरिकेत फोर्ड हॅरिस यांनी १९१३ साली दाखविले की, यंत्राची मांडणी आणि मागणीची खटपट यांचा खर्च मोठा असेल तेव्हा एका वेळी मोठा लाट काढणे स्वस्त पडते, आणि साठवणुकीचा खर्च मोठा असेल तेव्हा लहान. किमान मागणी हा पुरवठादाराने आपल्या सोयीने केलेला हिशेब आहे. साठवणुकीचा आणि मुदतीचा भार मात्र भांडारावर पडतो.

यावर उपाय मागणी एकत्र करण्यात आहे. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर आणि अंधेरी येथील चार रुग्णालयांचा मिळून वार्षिक खप १५६ कुप्या आणि हाती असलेला साठा ९० आहे असे समजू. नवे १०० मिळवून १९० होतात. हा सुमारे १५ महिन्यांचा साठा १८ महिन्यांच्या मुदतीत बसतो. राखीव साठा मात्र एका जागी नेऊ नये. घाटकोपरच्या रुग्णाला बोरिवलीच्या कपाटातील कुपी वेळेवर मिळणार नाही. प्रत्येक ठिकाणी किमान एका पूर्ण मात्रेचा साठा ठेवावा, वाटप दहाच्या पटीत करावे आणि खप कमी असलेल्या ठिकाणी मुदत सहा महिन्यांवर आली की कुप्या खप अधिक असलेल्या ठिकाणी हलवाव्यात. जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांनाही हीच रीत लागू पडते.

दरकरार करताना वर्षाची एकूण संख्या एकत्र ठरवून पुरवठा टप्प्यांनी घ्यावा. पहिला टप्पा मे महिन्यात यावा, दुसरा पहिल्या पावसाळ्यातील वापर पाहून ठरवावा. माल स्वीकारताना शिल्लक राहिलेली किमान मुदत करारात लिहावी. ती साठा संपण्याच्या अपेक्षित काळाहून कमी असेल, तर तो टप्पा स्वीकारू नये.