तुर्की प्रत्यय कुणाकडे बघून बदलतो?

मराठीत 'घोडा' या शब्दाला 'ला' लावला की 'घोड्याला' होतं. म्हणजे शब्द वाकला, प्रत्यय ताठ राहिला. तुर्कीत बहुधा याच्या उलट घडतं: शब्द तसाच राहतो आणि प्रत्यय आपला स्वर बदलतो.

तुर्कीत स्वर आठ. चार पुढचे: ए, इ आणि हेच दोन ओठ गोल करून म्हटलेले. चार मागचे: आ, ओ, उ आणि ओठ गोल न करता म्हटलेला उ. अनेकवचनाचा प्रत्यय पुढच्या स्वरानंतर 'लेर', मागच्यानंतर 'लार'. 'एव' म्हणजे घर, म्हणून घरं झाली 'एवलेर'.

आता 'किताप' घ्या. हे आपलं किताबच! परीक्षेत नवशिके यातला 'इ' बघतात आणि 'लेर' लिहून मोकळे होतात. पण बघायचा असतो शेवटचा स्वर. तो 'आ' आहे, म्हणून 'कितापलार'. पुढे 'मध्ये' या अर्थाचा 'दे' किंवा 'दा' जोडायचा तर मूळ शब्दाकडे वळूच नका, लगेच आधीचा स्वर बघा: 'एवलेरदे', 'कितापलारदा'. हाच प्रत्यय थेट 'किताप'ला लावला तर 'कितापता' होतो, कारण कठोर 'प'शेजारी 'द'चा 'त' होतो.

अरबीतून आलेले काही शब्द मात्र हट्टी आहेत. 'साअत' म्हणजे तास किंवा घड्याळ. शेवटी 'आ' असूनही अनेकवचन 'साअतलेर'. वेळ सांगायचा प्रश्न प्राथमिक परीक्षेत हमखास असतो, तेव्हा हा शब्द अनेकवचनासकटच पाठ करा.