दोन ऑफिसं, एकच पत्ता

पुण्यात ऑफिस, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत कारखाना. मालकाची मागणी साधी असते: पुण्याच्या अकाउंट्सवाल्यांना नाशिकच्या सर्व्हरवरचा स्टॉक बसल्या जागी दिसला पाहिजे. नेटवर्कचं काम पाहणारा माणूस दोन्हीकडच्या राउटरांवर साइट-टू-साइट व्हीपीएन बसवतो. व्हीपीएन म्हणजे इंटरनेटवरूनच काढलेला, पण आतलं काही बाहेर दिसू न देणारा एक बोगदा. थोड्या वेळात दोन्ही पडद्यांवर बोगदा चालू असल्याची हिरवी खूण येते, आणि तरीही सर्व्हर काही दिसत नाही. बोगद्याचा हिशेब उघडला तर पाठवलेले बाइट शून्य, आलेले बाइटही शून्य.

हा शून्याचा आकडा नीट वाचायला हवा. बोगदा बंद पडलेला नाही, त्याच्या तोंडापर्यंत कोणी आलेलंच नाही. पासवर्ड बदलून किंवा राउटर बंद-चालू करून इथे काही हाती लागत नाही. दोन्ही ठिकाणचे संगणक कोणत्या पत्त्यांवर आहेत ते आधी पाहावं. पुण्यात 192.168.1.0 ते 192.168.1.255, आणि नाशकातही तेच निघालं, की रोगाचं निदान झालं.

संगणकाला कुणाशी बोलायचं असलं की तो आधी एकच प्रश्न सोडवतो: समोरचा माझ्याच नेटवर्कात आहे की बाहेर? सबनेट मास्क 255.255.255.0 असेल, तर पत्त्याचे पहिले तीन आकडे जुळले की तो आपला, नाही जुळले की परका. परक्याकडे जाणारं पाकीट राउटरच्या हाती दिलं जातं. आपल्यासाठी राउटर लागत नाही, थेट नेटवर्कात हाळी दिली जाते, ‘192.168.1.50 कोण आहे?’ या हाळीला एआरपी म्हणतात आणि ती राउटर ओलांडून पलीकडे जात नाही. आता पुण्याचा संगणक आहे 192.168.1.20 आणि नाशिकचा सर्व्हर 192.168.1.50. पहिले तीन आकडे तेच, म्हणून पुण्याचा संगणक पुण्यातच हाळी देत बसतो. पुण्यात रिक्षावाल्याला नुसतं ‘शिवाजी चौक’ सांगितलं तर तो पुण्यातल्या शिवाजी चौकात नेतो. तुमच्या मनात दुसऱ्या गावातला चौक होता हे त्याला कळायला काही मार्गच नाही.

पुण्यात .50 वर कोणी नसेल, तर विंडोजवर `ping 192.168.1.50` दिल्यावर असं उत्तर येतं:

```
Reply from 192.168.1.20: Destination host unreachable.
```

इथे ‘Reply from’च्या पुढचा पत्ता पाहा. तो स्वतःचाच आहे. नाशिकहून काही आलेलं नाही. संगणकाने हाळी दिली, ओ आली नाही, आणि त्याने स्वतःच निरोप लिहिला. याहून फसवा प्रकार म्हणजे पुण्यातही .50 वर काहीतरी असणं. तिथे प्रिंटर असेल तर पिंगला छान उत्तर मिळतं, जोडणी झाली असं वाटतं, आणि स्टॉकचा प्रोग्रॅम मात्र प्रिंटरशी डोकं फोडत बसतो.

हा योगायोग इतक्यांदा का घडतो? जगभरच्या खासगी नेटवर्कांसाठी पत्त्यांच्या तीन पट्ट्या राखून ठेवल्या आहेत. फेब्रुवारी १९९६ मध्ये निघालेल्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजात त्या ठरल्या: 10 ने सुरू होणारे सगळे पत्ते, 172.16 पासून 172.31 पर्यंतचे, आणि 192.168 चे. हे पत्ते इंटरनेटवर चालत नाहीत, म्हणून कुणीही, कुणालाही न विचारता ते घरात वापरू शकतो. जागेचीही टंचाई नाही. २५६ पत्त्यांचा एक गट धरला तर या तीन पट्ट्यांत असे ६९,८८८ गट बसतात. पण आपण निवडतच नाही. बाजारातले बरेच राउटर खोक्यातून निघतात तेच 192.168.0.1 किंवा 192.168.1.1 हा पत्ता घेऊन, आणि इंटरनेट चालू झालं की त्याला कोणी पुन्हा हात लावत नाही. पुढे दोन खासगी नेटवर्कं एकत्र आली तर पत्ते आपटतील, म्हणून गट यादृच्छिक निवडा, असा सल्ला त्या दस्तऐवजातच आहे. तो वाचणारे थोडे.

यावर सुचणारा पहिला उपाय सर्वांत वाईट असतो: मध्ये बोगदा ठेवून दोन्ही ऑफिसांचं एकच सलग नेटवर्क करून टाकायचं. मग दोन राउटर 192.168.1.1 वर हक्क सांगतात, पत्ते वाटणारे दोन डीएचसीपी सर्व्हर एकाच हद्दीत वाटप करतात, आणि काल चालणारंही बंद पडतं.

चालणारा उपाय म्हणजे प्रत्येक ऑफिसला पलीकडच्यांसाठी एक टोपणपत्ता देणं. आत पुणे 192.168.1 च राहील, पण नाशिकला ते 10.51.1 म्हणून दिसेल. नाशिक पुण्याला 10.52.1 म्हणून दिसेल. शेवटचा आकडा बदलायचा नाही, नाशिकचा.50 पुण्यासाठी 10.52.1.50. पत्त्यांच्या या अदलाबदलीला नॅट म्हणतात, आणि गटाला गट असा एकास-एक बदल असला की वन-टू-वन नॅट किंवा नेटमॅप.

एका पाकिटाचा प्रवास पाहू. पुण्याचा संगणक आता 10.52.1.50 कडे पाकीट पाठवतो. आकडे जुळत नाहीत, म्हणून हाळी न देता ते राउटरकडे जातं, आणि इथेच अर्धी लढाई जिंकली. पुण्याचा राउटर प्रेषकाचा पत्ता 192.168.1.20 खोडून 10.51.1.20 लिहितो आणि पाकीट बोगद्यात सोडतो. नाशिकचा राउटर बोगद्यातून निघालेल्या पाकिटावरचा 10.52.1.50 खोडून 192.168.1.50 लिहितो आणि सर्व्हरकडे देतो. सर्व्हरला वाटतं, 10.51.1.20 नावाच्या कुणी बाहेरच्याने विचारलंय. म्हणून तो उत्तर राउटरकडेच देतो, आणि तेच बदल उलट्या क्रमाने होत उत्तर पुण्याला पोचतं.

फक्त नाशिकला टोपणपत्ता दिला तर काम अर्ध्यात भागेल असं पुष्कळांना वाटतं. भागत नाही. तसं केलं तर पाकीट नाशिकच्या सर्व्हरपर्यंत बिनबोभाट जाईल, पण त्यावर प्रेषक 192.168.1.20 असेल. सर्व्हर त्याला आपलाच समजून नाशकात हाळी देत बसेल आणि उत्तर तिथेच मरेल. म्हणून प्रेषक आणि प्राप्तकर्ता, दोघांचेही पत्ते वाटेत बदलावे लागतात.

लिनक्सवर चालणाऱ्या पुण्याच्या राउटरवर हे दोन ओळींत होतं:

```
iptables -t nat -I POSTROUTING -s 192.168.1.0/24 -d 10.52.1.0/24 -j NETMAP --to 10.51.1.0/24
iptables -t nat -I PREROUTING -s 10.52.1.0/24 -d 10.51.1.0/24 -j NETMAP --to 192.168.1.0/24
```

नाशकात याच ओळी, 51 आणि 52 ची अदलाबदल करून. बोगद्याच्या व्याख्येतही दोन्ही टोकांना 10.51.1.0/24 आणि 10.52.1.0/24 हेच लिहायचं, 192.168.1.0/24 तिथे राहून गेलं तर नियम बरोबर असूनही पाकिटं बोगद्यात शिरत नाहीत.

ओळीतल्या `-I` चा अर्थ ‘सर्वांत वर घाल’. त्याला कारण आहे. प्रत्येक राउटरवर इंटरनेटसाठी आधीपासून एक नॅटचा नियम असतो, जो आतल्या प्रत्येकाला राउटरचा सार्वजनिक पत्ता चिकटवतो. तो वर राहिला तर आपल्या पाकिटालाही तोच पत्ता चिकटतो, ते बोगद्यात न शिरता उघड्या इंटरनेटकडे निघतं आणि वाटेत फेकलं जातं. पुन्हा तोच शून्याचा आकडा.

पुण्याच्या राउटरवर पाठवलेले बाइट वाढतायत आणि आलेले शून्यच आहेत, असं दिसलं तर मोर्चा नाशिककडे वळवावा. तिथे दोन गोष्टी हमखास सापडतात. पहिली, सीसीटीव्हीचा डीव्हीआर किंवा हजेरीचं मशीन बसवताना कोणीतरी गेटवेचा रकाना रिकामाच सोडलेला असतो. कारखान्याच्या आत ते मशीन इतकी वर्षं उत्तम चाललं, कारण बाहेरच्याशी बोलायची वेळच आली नव्हती. दुसरी, विंडोजचा फायरवॉल. नेटवर्क ‘Private’ म्हणून नोंदलेलं असेल तर पिंग आणि फाइल शेअरिंग मुळात फक्त स्वतःच्याच सबनेटमधल्यांना खुलं असतं, 10.51.1.20 हा त्याच्या लेखी परका. त्या नियमांच्या हद्दीत 10.51.1.0/24 घालावं लागतं. फायरवॉलच सबंध बंद करणाऱ्यांचा हात धरावा.

टोपणपत्त्यांचा खरा त्रास पुढे सुरू होतो. राउटर पाकिटावरचा पत्ता बदलतो, पाकिटाच्या आतला मजकूर नाही. नाशिकच्या सर्व्हरवरच्या पानात कोणी `http://192.168.1.50/report` असा दुवा लिहून ठेवला असेल तर पुण्यात तो मोडणार. नावांचंही तेच: ‘स्टॉकसर्व्हर’ या नावाला नाशकात 192.168.1.50 आणि पुण्यात 10.52.1.50 असं वेगळं उत्तर मिळायला हवं, म्हणजे दोन याद्या कायम सांभाळायच्या. इंटरनेट फोनही आपला पत्ता संदेशाच्या आत लिहितात; घंटी वाजते, पण आवाज एकाच बाजूने येतो. आणि विंडोजचे डोमेन कंट्रोलर नॅटच्या अलीकडे-पलीकडे ठेवू नका, असं मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगते.

म्हणून माझं मत सरळ आहे: नेटमॅप हा सोमवारी काम चालू करण्याचा उपाय आहे, कायमचा नव्हे. कायमचा उपाय म्हणजे एका ऑफिसचे पत्ते खरोखर बदलणं. संगणक आणि मोबाइल डीएचसीपीकडून आपोआप नवा पत्ता घेतात. वेळ खातात ती हाताने पत्ता दिलेली यंत्रं, म्हणजे प्रिंटर, कॅमेरे, हजेरीचं मशीन आणि कारखान्यातली नियंत्रक यंत्रं. ती जिथे कमी, ते ऑफिस बदलायला घ्यावं.

टोपणपत्ता ठरवतानाच पुढचा विचार केला तर हे काम सोपं होतं. नाशिकला टोपणपत्ता म्हणून जो गट दिला, तोच पुढे त्याचा खरा गट करायचा. सुट्टीच्या दिवशी नाशिकची यंत्रं 192.168.1 वरून 10.52.1 वर न्यायची, शेवटचा आकडा तोच ठेवायचा, आणि त्याच वेळी नाशिकच्या राउटरवरचे नेटमॅपचे दोन नियम काढून टाकायचे. बोगद्याची व्याख्या बदलत नाही. पुण्यातले लोक आधीही 10.52.1.50 कडेच जात होते, नंतरही तिथेच जातात. वेगळ्या याद्यांची गरज संपते, कारण आता नाशिकचा पत्ता दोन्हीकडे एकच.

मात्र तो गट निवडताना पुन्हा 192.168.0, 192.168.1 किंवा 10.0.0 कडे वळू नका. घरून व्हीपीएनने ऑफिसात येणाऱ्याच्या घरीही हेच पत्ते असतात, आणि मग हाच घोळ एकेका कर्मचाऱ्याच्या घरी निस्तरावा लागतो. जिओफायबरच्या राउटरमुळे 192.168.29 सुद्धा आता घरोघरी पोचलंय, तेही टाळा. 10 च्या पट्टीतला मधलाच एखादा आडवातिडवा आकडा घ्या, आणि कोणत्या ऑफिसला कोणता दिला ते राउटरवर चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवा.